प्रसूती रजेनंतरचे पहिले सहा आठवडे : आधी तासांचा हिशेब

प्रसूती रजा संपायला महिना राहिला की घरात दोन विषय निघतात : बाळाला कोण सांभाळणार आणि ऑफिसचे कपडे अंगाला होतात का. तिसरा विषय निघतच नाही. परत गेल्यावर टेबलावर काम नेमकं किती असणार आहे? ते तिने मोजलेलं नसतं, वरिष्ठांनीही नसतं. "ये तर आधी, मग बघू" एवढ्यावर बोलणं संपतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती रात्री अकराला लॅपटॉप उघडून बसते आणि आपल्याला हे जमत नाहीये, असं स्वतःला सांगायला लागते.

कर्मचाऱ्यांच्या रजा आणि कामाची वाटणी बघणं हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगते : परत आलेल्या बाईची कुवत कमी झालेली नसते, तिच्या आठवड्यातले तास कमी झालेले असतात आणि काम मात्र जुन्याच मापाने दिलेलं असतं. आत्मविश्वास ढासळतो तो यातून. म्हणून इथे मी तासांपासून सुरुवात करते. कामाच्या वेळांची सवलत आणि आत्मविश्वास हे विषय त्याच्या मागोमाग येतील.

एक खरं उदाहरण घेऊ. आमच्याकडे हिशेब विभागात काम करणारी एक जण सहा महिन्यांची रजा संपवून परत येणार होती. यायच्या तीन आठवडे आधी आम्ही दोघी फोनवर बोललो आणि तिच्या रजेआधीच्या कामाची यादी केली. नुसती कामं न लिहिता प्रत्येकासमोर आठवड्याचे तास लिहिले. बिलं तपासून ताळमेळ लावणं, 12 तास. पुरवठादारांचे फोन आणि मेल, "आमचं पेमेंट कधी होणार" छापाचे, 10 तास. हाताखालच्या दोघांचं काम तपासणं, 8 तास. मीटिंगा, 6 तास. महिनाअखेरीचं क्लोजिंग, म्हणजे त्या महिन्याचे हिशेब पूर्ण करून बंद करणं, महिन्यातून एकदा, सुमारे 32 तासांचं, म्हणजे सरासरी आठवड्याला 8 तास. बेरीज झाली 44.

तिचा आठवडा कागदावर 40 तासांचा होता. वरचे 4 तास ती संध्याकाळी थांबून काढायची, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आता संध्याकाळी पाळणाघर बंद होतं त्या वेळेला तिला दारात हजर असायला हवं. म्हणजे ते 4 तास गेले.

मग उरलेल्या 40 मधून काय वजा होतं ते पाहिलं. ती बाळाला अंगावर पाजत होती आणि पुढेही पाजायचं ठरवलं होतं. दिवसभर बाहेर राहणाऱ्या आईला साधारण तीन-चार तासांनी दूध काढावं लागतं, म्हणजे ऑफिसच्या वेळेत दोनदा. पंप लावून पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण खोलीपर्यंत जाणं, पंप जोडणं, नंतर धुणं, दूध फ्रिजमध्ये ठेवणं हे सगळं धरलं की अर्धा तास जातोच. रोजचा एक तास, आठवड्याचे 5. उरले 35. शिवाय सहा महिन्यांत काय बदललं ते समजून घ्यायलाही वेळ लागतो. त्यासाठी सुरुवातीच्या आठवड्यांना आम्ही 6 तास धरले. उरले 29.

काम 44 तासांचं आणि हातात 29. फरक 15 तासांचा. हा आकडा कागदावर आला तेव्हा फोनवर दोन क्षण शांतता होती. मग ती म्हणाली, "म्हणजे मी कितीही धावपळ केली तरी हे बसणारच नव्हतं."

हे 15 तास कुठून काढायचे हे ठरवताना एक गफलत फार सहज होते, आणि बहुतेक वेळा ती चांगल्या हेतूने होते. वरिष्ठ म्हणतात, "तिला त्रास नको, सध्या मोठं काही देऊ नका." मग ज्या कामात निर्णय घ्यायचे असतात, ज्यामुळे माणूस नजरेत राहतो, तेच काम दुसऱ्याकडे जातं आणि तिच्याकडे फोन-मेलची किरकोळ खटपट उरते. तास कमी होतात, पण सोबत पदाचं वजनही जातं, आणि एकदा गेलेलं असं काम परत मागायला पुढे वर्ष वर्ष जातं. माझ्या मते उलट करायला हवं. जे काम वेळ खातं पण ज्यात तिचं खास कौशल्य लागत नाही ते आधी सोडावं. जे तिच्याशिवाय अडतं ते कमी प्रमाणात का होईना, हातात ठेवावं.

त्या हिशेबाने पुरवठादारांचे 10 तास पूर्णपणे तिच्या जागी काम पाहणाऱ्या सहकाऱ्याकडेच राहू दिले. मीटिंगा 6 वरून 3 तासांवर आणल्या. ज्या मीटिंगमध्ये ती फक्त ऐकायला बसायची तिथलं टिपण नंतर वाचलं तरी चालणार होतं. हाताखालच्यांचं काम तपासण्याचे 8 तास 6 वर आले, कारण नेहमीच्या नोंदी ते दोघं आता एकमेकांच्या तपासू शकत होते. दहा, तीन आणि दोन मिळून पंधरा. क्लोजिंगला हात लावला नाही.

पण क्लोजिंगचे आठवड्याला 8 तास ही सरासरी आहे, आणि सरासरी फसवते. पहिले तीन आठवडे ते काम शून्य असतं आणि चौथ्या आठवड्यात एकदम 32 तास अंगावर येतात. म्हणून पहिल्या तीन आठवड्यांत मोकळे राहणारे 8 तास आम्ही मुद्दाम कशातही भरले नाहीत. तो एक अख्खा दिवस बाळाच्या आजारपणासाठी राखून ठेवला. पाळणाघरात नव्याने जाणारं मूल पहिले काही महिने सारखं सर्दी-खोकला-तापाने आजारी पडतं. इतर मुलांचे जंतू त्याला नवे असतात, त्यात कुणाची चूक नसते. तिच्या बाळाला दुसऱ्याच आठवड्यात ताप आला आणि तो राखीव दिवस तिथे गेला. काम मागे पडलं नाही. तो दिवस आधीच भरून टाकला असता, तर तिने तो रात्री जागून भरून काढला असता.

चौथ्या आठवड्यातलं क्लोजिंग दोघांनी मिळून करायचं ठरलं : निम्मे 16 तास तिचे, निम्मे सहकाऱ्याचे. त्या आठवड्यात ताळमेळाचे 12 तास तिने 4 वर आणले, फक्त मुदत संपत आलेली बिलं घेतली. म्हणजे 16, 4, तपासणीचे 6, मीटिंगचे 3. पुन्हा 29. हा हिशेब करायला आम्हाला फोनवर पाऊण तास लागला.

तुमचं काम हिशेबाचं नसेल. शिक्षिका असाल, नर्स असाल, दुकानात किंवा कारखान्यात शिफ्टला असाल, तर यादी वेगळी होईल, पण रीत हीच. नर्सच्या शिफ्टमध्ये तास हलवता येत नाहीत, पण कोणत्या वॉर्डात ड्यूटी लागते यावर मध्ये अर्धा तास सुटका मिळणार की नाही हे ठरतं. शिक्षिकेच्या वेळापत्रकात सलग चार तास वर्ग असतील तर दूध काढायला जागाच नाही. तिथे दोन तासिकांची अदलाबदल हेच सगळ्यात मोठं साहाय्य असतं.

कोणत्या दिवशी यायचं

सोमवारी येऊ नका. बुधवारी या. पहिला आठवडा तीन दिवसांचा होतो, चौथ्या दिवशी घरी बसून काय बिघडलं ते पाहता येतं. आणि बिघडतंच काहीतरी : बाळ बाटली घेत नाही, पाळणाघरात सोडायला पंधराऐवजी चाळीस मिनिटं लागतात, पंपाचा एक भाग घरी राहतो. पाच दिवसांच्या आठवड्यात ही दुरुस्ती करायला श्वास मिळत नाही.

तारीख निवडताना आपल्या कामाचा गर्दीचा काळही बघावा. ती महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आली, क्लोजिंग नुकतं आटोपलं होतं आणि पुढचं तीन आठवडे लांब होतं. आठवडाभर आधी आली असती तर पहिल्याच दिवशी धबडग्यात सापडली असती.

रजा शिल्लक असेल तर आणखी एक गोष्ट करता येते. समजा पाच दिवस उरले आहेत. सगळ्या जणी ते रजेच्या शेवटाला जोडतात आणि एक आठवडा उशिरा येतात. त्याऐवजी ते पाच बुधवार म्हणून वापरा. पाच आठवडे तुमचा आठवडा चार दिवसांचा होतो, मधल्या दिवशी झोप निघते आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त ऑफिस होत नाही. एक आठवडा उशिरा आल्याने मात्र काहीच सोपं होत नाही, पहिला दिवस फक्त पुढे ढकलला जातो.

बाळाला पाळणाघराची किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीची सवय कामावर रुजू व्हायच्या किमान दोन आठवडे आधीपासून लावावी. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन, मग अर्धा दिवस. बाटलीची सवयही तेव्हापासूनच. पुष्कळ बाळं आईच्या हातून बाटली घेत नाहीत, दुसऱ्याच्या हातून घेतात, त्यामुळे त्या वेळी आईने खोलीबाहेर जाणं हाही सरावाचाच भाग. आणि शेवटच्या आठवड्यात एक दिवस पूर्ण रंगीत तालीम करावी : सकाळी ठरल्या वेळी उठणं, बाळाला सोडणं, ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन परत येणं. घड्याळ लावून. घरातून निघायला किती वेळ लागतो याचा आपला अंदाज बाळ नसतानाचा असतो.

बाळ आजारी पडलं की कुणी थांबायचं, हेही याच काळात ठरवा. दोन नावं लिहा, एक पहिलं आणि एक दुसरं. दर वेळी आईचंच नाव पहिलं असू नये. आम्हा बायकांकडून इथे फार चुकतं. नवऱ्याची रजा हा जणू शेवटचा उपाय, असं धरून आपण सुरुवात करतो आणि दोन महिन्यांत स्वतःची रजा संपवून बसतो.

दुधाचं थोडं

अंगावर पाजत नसाल तर हा भाग सोडून द्या. पाजत असाल तर लक्षात ठेवण्यासारखं तीन-चार गोष्टींचं आहे. ताजं काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला, साधारण 25 अंश सेल्सिअसपर्यंत, चार तास चालतं. फ्रिजमध्ये चार दिवस. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या बंद पेटीत 24 तास, म्हणजे घरी जाईपर्यंतची चिंता नाही. हवा गरम असेल तर चार तासांवर विसंबू नका, लगेच गारव्यात ठेवा.

दूध काढायची वेळ कॅलेंडरवर आधीच अडवून ठेवा, रोज तीच. "मीटिंग संपली की जाते" असं म्हटलं की मीटिंग लांबते, दूध साठून छाती दगडासारखी होते, आणि हे दोन-चार दिवस सतत झालं तर दूधही कमी होऊ लागतं. छातीचा एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा झाला आणि सोबत ताप-कणकण असेल, तर त्या भागाला दाह झाल्याची शक्यता असते. त्या दिवशी डॉक्टरांना दाखवा, शुक्रवारची वाट बघू नका.

आणि हा वेळ मागताना अपराधी वाटून घेऊ नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 सालच्या मातृत्व संरक्षण करारात (क्रमांक 183) हा वेळ कामाचाच वेळ धरावा आणि त्याचा पगार द्यावा असं म्हटलं आहे. त्याच करारात रजेनंतर आधीच्याच किंवा तेवढ्याच पगाराच्या समकक्ष जागेवर परत घेण्याची हमी आहे. ज्या देशांनी तो स्वीकारला त्यांनाच तो बांधतो, त्यामुळे आपल्याकडचा कायदा आणि आपलं नेमणूकपत्र दोन्ही वाचून घ्या. वरिष्ठांशी बोलायच्या आधी वाचा, नंतर नव्हे.

"थोडं ॲडजस्ट करा" म्हणजे काय?

वेळेची सवलत मागताना बहुतेक जणी म्हणतात, "सुरुवातीला थोडं समजून घ्या." वरिष्ठही मनापासून "हो हो" म्हणतात. दोघांच्या मनात वेगवेगळं चित्र असतं. तिच्या मनात पाचला निघणं असतं, त्यांच्या मनात कधीतरी लवकर गेली तर चालेल एवढंच. तिसऱ्या आठवड्यात साडेपाचची मीटिंग लागते आणि दोघंही दुखावतात.

सवलत तीन प्रकारची असते आणि तिन्हींची किंमत वेगळी असते. पहिली वेळ सरकवण्याची : तास तेवढेच, पण आठला येऊन साडेचारला जाणं. यात पगाराला धक्का लागत नाही. दुसरी जागेची : आठवड्यातून एक-दोन दिवस घरून. यातला खरा फायदा प्रवासाचा वेळ वाचण्याचा आहे. जायला-यायला दोन तास लागत असतील तर दोन दिवसांत चार तास हाती येतात, शिवाय पंप लावण्याऐवजी बाळाला थेट पाजता येतं. मात्र घरून काम करताना बाळाला दुसरं कुणीतरी सांभाळायलाच हवं. "घरीच तर आहे" म्हणून पाळणाघराचा दिवस वाचवायला गेलात तर ना काम होतं ना बाळ सांभाळलं जातं.

तिसरी सवलत तास कमी करण्याची, त्या प्रमाणात पगारही कमी. इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे. माझ्या ओळखीतल्या एकीने आठवड्याचे 40 ऐवजी 32 तास घेतले, पगार पाचवा हिस्सा कमी झाला, आणि काम? एकही गोष्ट कमी झाली नाही. तेच काम ती चार दिवसांत उरकायची, पाचव्या दिवशी घरून फोन घ्यायची. वर्षभर तिने ऑफिसला दर आठवड्याला एक दिवस फुकट दिला. तास कमी करायचे असतील तर तास कमी केल्याच्या पत्रातच कोणतं काम निघालं आणि ते कुणाकडे गेलं हेही लिहून घ्या. कामाचं नाव लिहिता येत नसेल तर समजा की काम निघालेलं नाही.

बोलणं तोंडी करा, पण त्याच दिवशी चार ओळींचा मेल पाठवा. आमच्या हिशेब विभागातल्या सहकारिणीने पाठवलेला मेल जवळपास असा होता :

"नमस्कार, आज ठरलं ते लिहून ठेवते. मी बुधवारपासून रुजू होते. रोज 8.30 ते 5, मंगळवारी आणि गुरुवारी घरून. 11 आणि 2.30 ला अर्धा तास मी जागेवर नसेन. 5 नंतर फोन बंद नसेल, पण पेमेंट अडलं असेल तरच करावा. पुरवठादारांचं काम सध्या माझ्याकडे नाही. पहिलं क्लोजिंग आम्ही दोघं मिळून करू. सहा आठवड्यांनी बसून पुन्हा पाहू."

या मेलमध्ये विनवणी नाही, आभाराचा महापूर नाही. सगळ्यात कामाचं शेवटचं वाक्य आहे. फेरविचाराची तारीख असली की वरिष्ठांना हे कायमचं ओझं वाटत नाही, म्हणून ते सहज हो म्हणतात. आणि तिलाही बदल मागायला पुन्हा धीर गोळा करावा लागत नाही, तारीख आपोआप येते. "5 नंतर फोन" हे वाक्यही बघा. अजिबात करू नका असं म्हटलं असतं तर ते पहिल्याच अडचणीत मोडलं असतं. कशासाठी करायचा हे सांगितल्यामुळे सहा आठवड्यांत दोनदाच आला.

वही आणि तीन रकाने

आता आत्मविश्वास. मी स्वतः परत आले तेव्हाचं सांगते. त्या ऑफिसमध्ये माझी वाट पाहत दोन हजारांच्या वर मेल होते. मी शहाणपणाने जुन्यापासून सुरुवात केली. तीन दिवस वाचत बसले आणि तिसऱ्या दिवशी कळलं की मी ज्या वादावर मुद्देसूद उत्तर लिहीत होते तो चार महिन्यांपूर्वी मिटला होता. त्याच दुपारी एका मीटिंगमध्ये सगळे कुठल्या तरी तीन अक्षरी प्रणालीबद्दल बोलत होते. मी मान डोलावत बसले. विचारायची लाज वाटली. बाहेर आल्यावर वाटलं, आपण संपलो.

मेलचा उपाय सोपा आहे : शेवटच्या दोन आठवड्यांचे वाचा, बाकीचे एका फोल्डरमध्ये टाका, आणि आपल्या जागी काम पाहणाऱ्याला एक पान लिहून मागा. त्या पानावर काय मिटलं, काय चालू आहे, कशावर उत्तर अडलं आहे, आणि कोण माणूस बदलला. फोल्डरमधलं खरंच महत्त्वाचं असेल ते कुणीतरी पुन्हा पाठवतंच.

पण 'आपण संपलो' या भावनेचा उपाय मला दुसऱ्या बाळाच्या वेळी सापडला. एक छोटी वही केली, पानावर तीन रकाने आखले. जे काही अडेल, कळणार नाही, आठवणार नाही ते त्या क्षणी लिहायचं आणि संध्याकाळी तीनपैकी एका रकान्यात टाकायचं. पहिला रकाना : मी नसताना नवं आलेलं. दुसरा : मला येत होतं, विसरले. तिसरा : हे मला आधीही येत नव्हतं.

माझ्या पहिल्या आठवड्यात 17 नोंदी झाल्या. त्यातल्या 11 पहिल्या रकान्यात गेल्या. नवी प्रणाली, नवा फॉर्म, बदललेला माणूस, पासवर्डची मुदत. ज्या गोष्टी मी नसताना जन्मल्या त्या मला माहीत असतीलच कशा? दोन तर तिसऱ्या रकान्यातल्या निघाल्या, म्हणजे बाळंतपणाचा त्यांच्याशी काही संबंधच नव्हता. खरोखर विसरलेल्या फक्त चार, आणि त्यातल्या तीन पुन्हा एकदा हाताने केल्यावर परत आल्या. डोक्यात हा सगळा गुंता 'मला काही येईनासं झालंय' या एकाच वाक्यात साठला होता. कागदावर तो चार ओळींचा निघाला.

आमच्या सहकारिणीलाही मी हीच वही करायला सांगितली. तिची एक नोंद मला आवडली होती : "मीटिंगमध्ये विचारलं, हे काय आहे. शेजारचा म्हणाला, मलाही नक्की माहीत नाही."

झोपमोडीचा परिणाम मात्र खरा असतो, तो वहीने जात नाही. रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या माणसाचं लक्ष दुपारी घसरतं, आकडे उलटसुलट होतात, मेलला जोडायची फाईल राहते. यावर निर्धार करून उपयोग नाही, कामाची वेळ बदलून उपयोग होतो. जिथे चूक महाग पडते ते काम सकाळी करा. दुपारी तीननंतर पैसे पाठवण्यावर शेवटची सही करू नका, मसुदा करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघून पाठवा. नेहमीच्या कामाची टाचणयादी करा, आधी लागत नव्हती तरी. वैमानिक हजारो तासांनंतरही यादी वाचूनच उड्डाण करतात, त्यांना कुणी विसराळू म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापासून वेगळी ओळखायला हवी. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास आहे, कशातच आनंद नाही, बाळ झोपलं असतानाही आपल्याला झोप लागत नाही, किंवा आपण नसलो तर बरं असे विचार येतात, तर तो कामाचा ताण म्हणून सोडून देऊ नका. प्रसूतीनंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकतं, परत कामावर आल्यावरही. ते तपासायला डॉक्टर दहा प्रश्नांची एक चाचणी वापरतात. एडिनबरा शहराच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी 1987 मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती भरायला पाच मिनिटं लागतात. त्यावर उपचार आहेत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा.

सहाव्या आठवड्यात

मेलमध्ये लिहिलेल्या तारखेला ती, तिचे वरिष्ठ आणि मी बसलो. पुन्हा तीच तासांची यादी समोर ठेवली. शिकून घेण्याचे 6 तास आता लागत नव्हते. बाळ साडेसात महिन्यांचं होत आलं होतं, वरचं खायला लागलं होतं, पण दूध काढणं दोनदाच ठेवावं असं तिला वाटलं, म्हणून ते 5 तास तसेच राहिले. म्हणजे हातात 35.

मोकळ्या झालेल्या 6 तासांत काय परत घ्यायचं? वरिष्ठांना वाटत होतं पुरवठादारांचं काम सगळं तिच्याकडे जावं, कारण "आधी तिचंच होतं." पण ते 10 तासांचं आहे, 6 मध्ये मावत नाही. शेवटी मोठ्या पुरवठादारांचे, जिथे वाद होतात आणि बोलणी करावी लागतात, ते 4 तास तिने घेतले. बाकीचे 6 सहकाऱ्याकडेच राहिले. रोजच्या त्याच त्या प्रश्नांना द्यायची ठरीव उत्तरं त्याने मधल्या काळात लिहून ठेवली होती, त्यामुळे त्याला ते काम निम्म्या वेळात व्हायचं. उरलेल्या 2 तासांत हाताखालच्यांच्या कामाची तपासणी पुन्हा 8 वर आली. मीटिंगा 3 वरच राहिल्या. त्या वाढवाव्यात असं कुणी सुचवलं नाही.

पुढचं क्लोजिंग तिने एकटीने केलं. 32 तास लागले नाहीत, 28 लागले; दोघांनी मिळून केलं तेव्हा एक पायरी दोनदा होत होती हे दिसलं होतं. त्या आठवड्यात मंगळवार-गुरुवार ती घरून नव्हे, ऑफिसात बसली, आणि ते तिने स्वतःच आधी कळवलं होतं.